आईचा होकार

सौंसरजवळ एका चित्रपटाचं शूटिंग व्हायचं होतं आणि त्यांना भाषा तपासणारं कोणी तरी हवं होतं. पांढुर्ण्यात मी मराठी शिकवते, माहेर मोहगावकडचं, म्हणून कोणी तरी माझं नाव सुचवलं. काम सोपं होतं. पुण्याच्या लेखकाने लिहिलेले संवाद आपल्याकडची माणसं बोलतात तसे करून द्यायचे. मी हो म्हटलं, कारण शाळेला दिवाळीची सुटी होती आणि घरी बसून पडदे धुण्यापेक्षा ते बरं वाटलं.

गोष्ट एका म्हातारीची होती. संत्र्याच्या बागेतलं घर, घरात मुलगा-सून, म्हातारीचा विसरभोळेपणा वाढत जातो, शहरातली मुलगी परत येते. मी पहिल्या दिवशी पानं वाचली आणि दिग्दर्शकाला सांगितलं, की भाषा एका आठवड्यात करून देते, पण बाई चुकली आहे.

दिग्दर्शक पस्तिशीचा, पुण्याचा, नम्र मुलगा होता. "चुकली म्हणजे?"

"केस मोकळे सोडून खिडकीशी कशाला बसवलंय तिला? हात का थरथरतात? तो वेगळा आजार. आणि प्रत्येक वेळी तिला काही आठवलं नाही की तुम्ही पडदा धूसर करणार, असं लिहिलंय."

"म्हणजे तिच्या डोक्यात काय चाललंय ते प्रेक्षकाला कळावं म्हणून."

"तिला धूसर दिसत नाही. तिला सगळं स्वच्छ दिसतं. समोरचा माणूस, त्याचा शर्ट, कप. फक्त तो माणूस कोण ते कळत नाही. आणि तिला कळत नाही हे तुम्हाला कळू नये, म्हणून ती धडपडत असते. ते दाखवा."

त्याने विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत. मी सांगितलं, माझ्या आईला आहे. सहा वर्षं झाली. भाऊ आणि वहिनीकडे असते, इथून अर्ध्या तासावर.

तेव्हापासून भाषेबरोबर विसरणंही माझ्याकडे आलं.

आमच्या घरात हा आजार दोन वर्षं बसून होता आणि कोणाला दिसला नाही. कारण आई बोलायला चांगली. कोणी दारात आलं की, "या जी, बसा. कोठून आले? घरचे बरे हायेत ना सगळे? च्या मांडते." आपल्याकडे पाहुण्याशी पहिली दहा मिनिटं याच्यापलीकडे कोणी काही बोलतच नाही. या दहा मिनिटांना स्मरणशक्ती लागत नाही. माणूस निघून जातो आणि सांगतो, म्हातारी ठणठणीत आहे. फोनवरही तेच. मी विचारायची, कशी आहेस. ती म्हणायची, "मी बरी हाय. तू कशी? पोरं कशी?" पोरांची नावं तिने कित्येक महिन्यांत घेतली नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

कळलं ते वहिनीला. आईने तिच्यावर लुगडं चोरल्याचा आळ घेतला, मग ते लुगडं तांदळाच्या कोठीत सापडलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आळ. वहिनीने मला फोन केला तेव्हा मी म्हटलं, "तुझंच काही तरी लागलं असेल तिला." हे मी म्हटलं. वहिनीने ते कधी काढून दाखवलं नाही, पण ती विसरलेली नाही.

मग मी तासाभराच्या बसने मोहगावला जायची आणि सगळेच करतात ती चूक करायची. आईच्या समोर उभं राहून, मोठ्याने, "ओळख बरं मी कोण?" गावातला येणारा प्रत्येक माणूस हेच करायचा. ओळखलं का मले? सांग बरं मी कोणाचा? यात कोणाला काही वाईट वाटत नाही, ती आपुलकीच समजली जाते. एका माणसाची दिवसातून आठ वेळा तोंडी परीक्षा, आणि प्रत्येक वेळी नापास. आई हसायची आणि म्हणायची, "तुले नाही ओळखीन तं कोणाले?" मी खूश होऊन घरी जायची. तिने माझं नाव घेतलेलं नाही, हे एकदा बस जाम नदीच्या पुलावर आल्यावर लक्षात आलं.

चित्रपटातही ते होतं. मुलगी आईचे खांदे धरून विचारते, मी कोण सांग. शेवटी एका सकाळी आई तिला नावाने हाक मारते, संगीत, शेवट.

"हे काढा," मी म्हटलं.

"शेवटचं नाही काढता येणार, ताई. तेवढ्यासाठी तर प्रेक्षक दोन तास बसलाय."

"मग माझ्या वहिनीला बसवा दोन तास. ती सहा वर्षं बसली आहे, तिला हाक ऐकू आलेली नाही."

तो हसला. पण लिहून घेतलं.

म्हातारीची भूमिका करणाऱ्या बाई नागपूरच्या रंगभूमीवरच्या, सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या आणि कामाला वाघ. त्यांची अडचण वेगळी होती. चित्रपट काही क्रमाने चित्रित होत नाही. सकाळी तिसऱ्या वर्षाचा प्रसंग, जेवणानंतर पहिल्या वर्षाचा, मग पाचव्या. "मी किती विसरले आहे ते मला रोज विसरायला होतंय," त्या म्हणाल्या. मी शाळेतल्या आडव्या रेघांच्या वहीत तक्ता केला. प्रसंगाचा क्रमांक, आजाराचं वर्ष, दिवसाची वेळ. दिवसाची वेळ महत्त्वाची, कारण सकाळी माणूस बरा असतो आणि दिवस कलायला लागला की बिनसतो, घरात बसूनच घरी जायचं म्हणतो. मग पुढचा रकाना: हातांना काय येतं. तिसऱ्या वर्षी लुगडं नेसता येतं पण दोन पोलकी एकावर एक. चौथ्या वर्षी चहाचं भांडं ठेवते पण गॅस पेटवत नाही. आणि शेवटचा रकाना: लपवायला काय करते. हा बाईंना सर्वांत उपयोगी पडला.

"म्हणजे मी विसरण्याचा अभिनय करायचाच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. सगळं ठीक असल्याचा अभिनय करायचा. आई तेच करते. जेवायला बसल्यावर ती आधी दुसऱ्याच्या ताटाकडे पाहते, तो काय करतो ते, मग तसं करते. उत्तर अर्धा क्षण उशिरा येतं. शब्द सापडला नाही की 'ते काय ते' म्हणून हात हलवते आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहते, की त्याने तो शब्द द्यावा."

कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवरून खाली बसलेल्या म्हातारीकडे पाहायचा, तो शूटिंगवाल्यांनी खाली आणला. आंघोळीचा प्रसंग होता, त्यात दार लावून घेतलं आणि कॅमेरा बाहेर बादली घेऊन उभ्या असलेल्या सुनेवर ठेवला. हे दिग्दर्शकाला स्वतःहून सुचलं, त्याचं श्रेय त्याला.

मग बाईंनी विचारलं, तुमच्या आईला भेटता येईल का. मी दोन दिवस टाळलं. आईला बघायला कोणी यावं, हे मला नको होतं. वहिनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "येऊ द्या ना. रोज इतके येऊन तिची परीक्षा घेऊन राहिले, एक अजून."

"त्या परीक्षा घेणार नाहीत."

"मंग तं पक्कंच येऊ द्या."

आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. घरामागच्या शेडमध्ये भाताच्या तणसावर संत्र्याचा ढीग होता आणि आई पोत्यावर बसून फळं निवडत होती. हे तिचं लग्नापासूनचं काम. मोठं एकीकडे, मधलं एकीकडे, बारीक आणि डागी तिसरीकडे. फळ हातात येतं, तळवा वजन घेतो, अंगठा एकदा भोवती फिरतो, मऊ लागलं तर बाजूला. नजर फळावर असतेच असं नाही. मोठमोठे व्यापारी तिचे ढीग पुन्हा तपासत नसत.

बाईंना पाहून आई म्हणाली, "या जी, बसा. कोठून आले?"

"नागपूरहून."

"घरचे बरे?"

"बरे आहेत."

"च्या मांडते," आई म्हणाली आणि उठली नाही. बाई शेजारी बसल्या आणि निवडायला लागल्या. पाच मिनिटांनी आईने त्यांच्या ढिगातलं एक फळ उचलून आपल्या ढिगात टाकलं. बाईंनी विचारलं, "हे कसं ओळखलं, आजी?"

आईचा हात थांबला. तिने हातातल्या फळाकडे पाहिलं, मग तिन्ही ढिगांकडे, मग माझ्याकडे. ते फळ कुठे ठेवायचं ते तिला कळेना. चेहऱ्यावर ते हसू आलं, जे मला आता ओळखता येतं. बाईंनी लगेच नजर फिरवली आणि आपलं काम चालू ठेवलं. थोड्या वेळाने आईचा हातही चालू झाला.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "विचारलं की जातं. माझीच चूक."

"हातांना येतं ते तोंडाला सांगता येत नाही. डॉक्टरही तेच सांगतात. हातांचं सर्वांत शेवटी जातं."

मी हे संध्याकाळी दिग्दर्शकालाही सांगितलं. मी सांगितलं, म्हणून पुढचं झालं.

सुटी संपली. मी दुपारी शाळा सुटल्यावर सौंसरला जायची. त्या गुरुवारी पोहोचले तर दिग्दर्शक खुशीत. "ताई, एक गोष्ट दाखवतो," म्हणून त्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला.

आईचे हात होते. फक्त हात, मनगटापर्यंत, जवळून. शेडच्या पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन, संत्र्याची सालं, आणि ते हात जात-येत होते. दोन मिनिटं. मी खोटं बोलणार नाही. ते सुंदर होतं. मी आयुष्यभर ते हात पाहिले आणि असे कधी पाहिले नव्हते. मी म्हणणारच होते, की छान झालंय.

मग शॉटच्या शेवटी हात थांबले. एक हात वर गेला, चौकटीबाहेर, आणि दिसलं नाही तरी मला माहीत होतं, की तिने पदर सावरला. कोणी तरी पाहत आहे हे तिला कळलं होतं. कोण आणि कशाला, ते नाही.

"हे कधी केलं?"

"सकाळी. मी आणि कॅमेरावाला दोघंच गेलो होतो. त्यांना अजिबात त्रास दिला नाही, ताई. आणि परवानगी घेतली. रेकॉर्ड केली आहे." त्याने मोबाईल काढून ऐकवलं.

त्याचा आवाज: आजी, तुमचे हात शूट करू का? चित्रपटात दाखवायला?

आईचा आवाज: "करा ना जी. काऊन नाही. च्या घ्या."

"पुढे ऐकवा," मी म्हटलं.

दीड मिनिटाचं होतं. त्यात आईने चार वेळा चहा विचारला आणि तीन वेळा, कोठून आले. दिग्दर्शक प्रत्येक वेळी हसून पुणे सांगत होता.

"वहिनी कुठे होती?"

"त्या विहिरीवरची मोटर चालू करायला गेल्या होत्या. तुमच्या भाऊंनी गेटवर आम्हाला पाहिलं, या म्हणाले."

"हे काढून टाका."

तो म्हणाला, "चेहरा नाही त्यात. नाव नाही. आणि त्या हो म्हणाल्या."

"ती सगळ्यांनाच हो म्हणते. उद्या तुम्ही तिला विचारलं की बाग माझ्या नावावर करता का, तर म्हणेल करा ना जी, च्या घ्या. दोन वर्षं आम्ही त्या हो-होला फसलो. आता तुम्ही फसलात. तुम्हाला मी वहीत लिहून दिलंय, शेवटचा रकाना. ती लपवत होती. तुमच्यासमोर सगळं ठीक असल्याचं दाखवत होती, आणि तुम्ही तेच परवानगी म्हणून मोबाईलमध्ये ठेवलंत."

तो म्हणाला, की हा चित्रपटातला सर्वांत खरा शॉट आहे. त्याचंही खरं होतं. मी चिडले नव्हते. मी थकले होते. सकाळपासून पोरांना व्याकरण शिकवून आले होते आणि बसमध्ये उभी होते. मी म्हटलं, हे माझ्या एकटीने ठरवायचं नाही, वहिनीला विचारते, आईचं सगळं तीच करते.

वहिनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"नुसते हातच ना?" ती म्हणाली.

"हो. चेहरा नाही."

"कोणता हात हाय?"

"दोन्ही."

"मंग गोंदण दिसन ना उजव्या हातावरचं. ते तुळशीचं, आडवं झालेलं. पूर्ण मोहगावले मालूम हाय ते कोणाचं हाय. पिक्चर लागला का लोक येतीन, म्हणतीन, तुही सासू पिक्चरमंधी पागल बाईचं काम करून राहिली."

"वहिनी, तसं दाखवणार नाहीत ते."

"ते कसे दाखवतीन ते तुमाले मालूम. लोक काय म्हणतीन ते मले. इथं मी राहते ना, ताई." जरा थांबून ती म्हणाली, "आई चांगली असती तं तिनं हाकलून देल्लं असतं त्यायले. काम करताना कोणी उभं राहून पाहिलेलं तिले चालत नव्हतं. आठवते का?"

मला आठवत नव्हतं. वहिनीने सांगितल्यावर आठवलं. व्यापाऱ्यालासुद्धा ती शेडबाहेर थांबवायची.

मी फोन ठेवला आणि दिग्दर्शकाला दोन्ही गोष्टी सांगितल्या, गोंदणाची आणि हाकलण्याची. पहिलीवर तो म्हणाला, गोंदण संगणकावर पुसता येईल. दुसरी ऐकून त्याने तो शॉट पुन्हा लावला. बाई मागे गरम पाण्याची पिशवी गुडघ्याला लावून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुसून टाक रे. मी करते. सत्तर वर्षांची बाई पैसे देऊन आणली आहेस ना, मग तिच्याकडून काम करून घे."

त्याने माझ्यासमोर पुसलं. कॅमेऱ्याच्या कार्डातून, मग हार्ड डिस्कमधून. मी विचारलं, तिसरी कुठे प्रत आहे का. होती, लॅपटॉपवर. तीही पुसली. मोबाईलमधला आईचा आवाज मी स्वतः काढला. यात वीस मिनिटं गेली आणि माझी पाचची बस गेली.

बाईंनी तीन दिवस संध्याकाळी शेजारच्या बागेत निवडायला बसायचं ठरवलं, मजुरीच्या बायांबरोबर, काही न विचारता. चौथ्या दिवशी त्यांचे हात चित्रित झाले. त्याच दिवशी शेवटचा प्रसंगही केला. मुलगी शेडमध्ये येते, म्हातारी तिला पाहुणी समजते आणि गाव विचारते. मुलगी गाव सांगते, आणि शेजारी बसून निवडायला लागते. कोणी कोणाला ओळखत नाही. दिग्दर्शकाने नावाने मारलेली हाकही एकदा चित्रित करून ठेवली, निर्माता हटून बसला तर दाखवायला; तशी विनंती बाईंनीच केली होती. कोणता शेवट ठेवतील ते मला माहीत नाही. माझं काम संपलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मोहगावला गेले. आई ओट्यावर झोपली होती. वहिनी चादरी पिळत होती, रात्रीच्या. मी दुसरं टोक धरलं.

"मंग कोणाचे हात घेतले शेवटी?" वहिनीने विचारलं.

"त्या बाईंचे."

"जमलं का त्यायले?"

मी खरं सांगितलं. "चांगलं जमलं. पण माहिती असणाऱ्याला कळेल. अंगठा मोजून फिरतो त्यांचा. आईसारखं नाही."

"नाही ना?" वहिनी म्हणाली.

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पिळाला आणखी एक वेढा दिला.